डोंगल कॅबिनेटच्या मागे का गुदमरतो

माझ्या भाचीचा डेस्कटॉप बेडरूममध्ये, राउटर हॉलमध्ये, मध्ये एकच भिंत. कॅबिनेटच्या मागच्या पोर्टात नखाएवढा वायफाय डोंगल खोचलेला. ऑनलाइन तासाला बाईंचा आवाज तुटायचा, आणि बाहेरच्या हार्ड डिस्कवर फायली चढत असल्या की हमखास तुटायचा. त्याच टेबलावरचा मोबाइल मात्र त्याच वायफायवर सुरळीत चाले. म्हणजे बाहेरून येणारं कनेक्शन बरं होतं, खोट राउटर आणि डेस्कटॉप यांच्या मधल्या वाटेत होती.

ती वाट तपासायला विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून एवढंच टाइप करायचं:

```
ping -n 50 192.168.1.1
```

शेवटचा आकडा राउटरचा पत्ता आहे. काही घरांत तो `192.168.0.1` असतो. हे पन्नास निरोप घराबाहेर जातच नाहीत, त्यामुळे इथे दिसणारा उशीर आपल्या घरातलाच. वायफाय निरोगी असेल तर बहुतेक उत्तरं काही मिलिसेकंदांत येतात. भाचीकडे हार्ड डिस्क चालू केली की हाच आकडा दोनशेच्या वर उडे आणि मध्येच `Request timed out` दिसे.

कारणं दोन. पहिलं, कॅबिनेट पत्र्याचं असतं आणि पत्रा रेडिओलहरी अडवतो. राउटर कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला असेल, तर मागे खोचलेला डोंगल पत्र्याच्या सावलीत बसतो. दुसरं कारण कमी लोकांना ठाऊक असतं. यूएसबी ३ च्या पोर्टातून आणि केबलमधून माहिती सेकंदाला ५ अब्ज बिट्सच्या वेगाने धावते, आणि त्या धावपळीचा रेडिओ गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही सांडतो. इंटेलने २०१२ मध्ये याबद्दल सविस्तर टिपण काढलं होतं. जुने राउटर आणि स्वस्त डोंगल याच पट्ट्यावर बोलतात. शेजारी हार्ड डिस्क धडाधड चालू असताना डोंगलला राउटरचं क्षीण बोलणं ऐकू येणार कसं?

म्हणून डोंगलच घ्यायचा असेल तर सोबत मीटरभर यूएसबी एक्स्टेन्शन केबल घ्या आणि डोंगल टेबलावर, हार्ड डिस्कपासून लांब ठेवा. भाचीकडे एवढ्यानेच उडणारे आकडे खाली आले. ५ गिगाहर्ट्झवर चालणारा डोंगल या गोंगाटातून बऱ्यापैकी सुटतो, पण त्या लहरी भिंतीत जास्त जिरतात. दोन-तीन भिंती पलीकडे त्यांचा फारसा उपयोग नाही.

डोंगलऐवजी कॅबिनेटच्या आत बसणारं वायफाय कार्डही मिळतं; ते मदरबोर्डवरच्या पीसीआय एक्स्प्रेसच्या छोट्या खाचेत बसतं. घेताना वेगाच्या आकड्याआधी अँटेना पाहा. थेट कार्डाला पिळून बसवायच्या दांड्या शेवटी कॅबिनेटच्या मागेच उभ्या राहतात, म्हणजे डोंगलचीच अडचण पुन्हा. वायरीच्या टोकाला तळ असलेला अँटेना टेबलावर ठेवता येतो, म्हणून मी तोच सुचवेन. कार्डावर ब्लूटूथ असेल तर त्याची एक छोटी वायर मदरबोर्डवरच्या यूएसबी पिनांना जोडावी लागते. ती राहिली की वायफाय चालतं, ब्लूटूथ मात्र दिसतच नाही, आणि माणूस उगाच ड्रायव्हर शोधत बसतो.

एवढं सगळं नीट केलं तरी वायफायचा एक स्वभाव बदलत नाही. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. तुमचा संगणक आधी कानोसा घेतो, कोणी बोलत असेल तर थांबतो, मग बोलतो आणि पोच यायची वाट पाहतो. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याचा राउटर त्याच चॅनेलवर असेल तर तोही या रांगेत असतो. लॅन केबलमध्ये ही रांगच नाही; राउटरपर्यंतची वायर तुमची एकट्याची आणि गिगाबिट केबलवर दोन्ही बाजू एकाच वेळी बोलतात. घरचा प्लॅन १०० एमबीपीएसचा असेल तर डाउनलोडचा वेग चांगल्या वायफायवरही तेवढाच मिळेल. फरक जाणवतो तो आवाज न तुटण्यात.

डेस्कटॉप जागचा हलत नाही, म्हणून केबल नेता येत असेल तर मी केबलच नेईन. बहुतेक मदरबोर्डांवर तिचं पोर्ट आधीपासून असतं, आणि १०० मीटरपर्यंत ती चालते, म्हणजे फ्लॅटमध्ये लांबीची काळजी नाही. घेताना कॅट ५ई किंवा कॅट ६, आणि शुद्ध तांब्याची मागा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल वाकवताना लवकर तुटते.

तुटली तरी ती बंदच पडेल असं नाही. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० एमबीपीएसला चारच. त्यामुळे एखादी तार गेली की जोडणी पुष्कळदा गुपचूप १०० वर उतरते. भाचीकडे दाराच्या चौकटीवरून नेलेल्या केबलचं असंच झालं: विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड `1000/1000` ऐवजी `100/100` दिसत होता. दार लावताना केबल बिजागरीत चेपत होती. एका टोकाचा चेपलेला भाग कापून नवा प्लग बसवला आणि केबल चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून नेली, तेव्हा आकडा हजारावर आला.