गाऊसने बाजूला ठेवलेली ऑयलरची टेस्ट

२३ ने भागायचं आणि फक्त बाकीकडे बघायचं असं ठरवलं तर १३ हा कुणाचा वर्ग आहे का? आहे, कारण ६ चा वर्ग ३६ आणि त्यातून २३ गेले की १३ उरतात. अशा संख्यांना वर्गशेष म्हणतात. २३ साठी ते बरोब्बर ११ आहेत, म्हणजे १ ते २२ मधले निम्मे, कारण b आणि २३−b दोघांचा वर्ग एकच येतो. आता २३ च्या जागी तीनशे अंकी मूळ संख्या असेल तर एकेक वर्ग तपासत बसणं शक्यच नाही.

या सगळ्याची सुरुवात फर्मापासून होते. १६४० मध्ये त्याने पत्रातून कळवलं की p मूळ असेल आणि b ला p ने भाग जात नसेल तर b चा p−१ वा घात घेऊन p ने भागला की बाकी १ च येते. त्याच वर्षी दुसऱ्या पत्रात त्याचा आणखी एक दावा होता, ४ ने भागून १ उरणारी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते. सिद्धता मात्र त्याने कुठेच नीट लिहून ठेवली नाही (ही त्याची नेहमीचीच खोड), आणि शंभरेक वर्षांनी ऑयलर हे दावे एकामागून एक सिद्ध करत बसला होता. त्यातच, १७४८ च्या सुमारास, ही अर्ध्या घातांकाची टेस्ट आली: a चा (p−१)/२ वा घात p ने भागून बाकी १ आली तर a वर्ग आहे, −१ म्हणजे p−१ आली तर नाही.

युक्ती एवढीशीच आहे. a हा b चा वर्ग असेल तर a चा (p−१)/२ वा घात म्हणजे b चा p−१ वा घात, म्हणून बाकी १. p ने भाग न जाणारा a कुठलाही असो, या अर्ध्या घाताचा वर्ग केला की फर्मामुळे १ च येणार, म्हणजे तो स्वतः १ असेल नाहीतर −१, तिसरा पर्यायच नाही. मग जो वर्ग नाही त्याचंही चुकून १ आलं तर? तसं होत नाही, कारण मूळ संख्येच्या मॉड्युलोत, म्हणजे तिने भागून फक्त बाकी बघताना, n घाताच्या समीकरणाला n पेक्षा जास्त उत्तरं नसतात, आणि इथल्या (p−१)/२ जागा वर्गांनीच भरून टाकलेल्या असतात. a = −१ टाकून बघा, उत्तर १ येतं ते p ला ४ ने भागून १ उरतो तेव्हाच, म्हणजे फर्माच्या दोन वर्गांच्या दाव्यातली अटच बाहेर पडते.

पुढे लजांद्रने या ±१ साठी एक चिन्ह रूढ केलं. गाऊसने १८०१ च्या आपल्या ग्रंथात ही टेस्ट दिली खरी, पण वर सांगून टाकलं की सोपी आणि सर्वांना लागू पडणारी आहे म्हणून उल्लेख करतोय, प्रत्यक्षात हिचा उपयोग जवळपास नाही. माझ्या मते हाताने हिशेब करणाऱ्याच्या बाजूने त्याचं बरोबर होतं, कारण त्याच्याकडे वर्ग-व्यस्तता नियम होता, म्हणजे p च्या हिशेबात q वर्ग आहे का हा प्रश्न q च्या हिशेबात p वर्ग आहे का यावर नेणारा नियम, आणि तो कागदावर खूप कमी कष्टात उत्तर देतो.

पण घात काढायला एवढे गुणाकार लागतच नाहीत. २३ साठी घातांक ११, म्हणजे ८+२+१. १३ चा वर्ग १६९, बाकी ८. ८ चा वर्ग ६४, बाकी १८, हा चौथा घात. १८ चा वर्ग ३२४, बाकी २, हा आठवा. आता २×८×१३ = २०८, बाकी १, म्हणजे १३ वर्ग आहे. हेच ५ चं केलं तर २२ येतात, म्हणजे −१, सो ५ वर्ग नाही. घातांक अर्धा करत जायचा आणि वर्ग करायचा ही रीत पिंगलाच्या छंदःसूत्रांतही आहे, तिथे ती २ चे घात काढायला वापरलीय. तीनशे अंकी p ला असे साधारण हजार वर्ग पुरतात, कॉम्प्युटरला ते काहीच नाही.

मर्यादा दोन. टेस्ट फक्त हो की नाही सांगते, वर्गमूळ काढून देत नाही (p ला ४ ने भागून ३ उरत असतील तर सोपं आहे, (p+१)/४ वा घात घ्यायचा, १३ चा सहावा घात २३ च्या मॉडमध्ये ६ येतो). आणि p मूळ नसेल तर ती फसते.

पण हे फसणंच १९७७ मध्ये सोलोवे आणि स्ट्रासेन यांनी कामाला लावलं. n मूळ आहे का हे बघायचं तर कुठलाही a घ्यायचा, अर्धा घात काढायचा आणि व्यस्तता नियमाने आलेल्या चिन्हाशी जुळवायचा. ५६१ घ्या, म्हणजे ३×११×१७. फर्माची साधी टेस्ट ५ घेऊन केली तर ही संख्या मूळ असल्यासारखी पास होते. अर्ध्या घाताला मात्र सापडते:

```
pow(5, 560, 561)   # 1
pow(5, 280, 561)   # 67
```

६७ म्हणजे १ पण नाही आणि −१ पण नाही, म्हणजे ५६१ मूळ नाहीच. प्रत्येक a पकडतो असं नाही, २ घेतला तर ५६१ सुटून जाते, पण n मूळ नसेल तर असे फसवणारे a जास्तीत जास्त निम्मे असतात, म्हणून रँडम वीस a घेऊन बघितले की चूक होण्याची शक्यता दहा लाखांत एकापेक्षाही कमी उरते.