सिलिकाच्या प्लेटवर कोण मागे राहतं आणि का

टीएलसी म्हणजे थिन लेयर क्रोमॅटोग्राफी: सिलिकाचा थर दिलेल्या प्लेटवर द्रावक वर चढतो आणि संयुगं वेगवेगळ्या उंचीवर राहतात. तिच्या जर्नलमध्ये निष्कर्षाच्या जागी एक वाक्य हमखास सापडतं: "ध्रुवीय संयुग सिलिकाला चिकटतं, म्हणून त्याचा आरएफ कमी." आरएफ म्हणजे संयुगाने कापलेलं अंतर भागिले द्रावकाने कापलेलं अंतर. वाक्य चूक नाही, पण त्यात कारण अर्धंच आलं आहे. उरलेलं अर्धं समजून घ्यायला तीन संयुगं पुरेशी आहेत: फ्लुओरीन, फ्लुओरेनोन आणि फ्लुओरेनॉल. तिघांचा कार्बनी सांगाडा एकच. फरक आहे तो एका कार्बनवर. फ्लुओरीनमध्ये तिथे नुसते दोन हायड्रोजन, फ्लुओरेनोनमध्ये कार्बोनिल गट आणि फ्लुओरेनॉलमध्ये हायड्रॉक्सिल गट.

समजा, चार भाग हेक्झेन आणि एक भाग इथाइल ॲसिटेट अशा मिश्रणात प्लेट चालवली. द्रावक सुरुवातीच्या रेषेपासून ५.० सेंटिमीटर वर गेला. प्लेट बाहेर काढल्या काढल्या द्रावकाची रेषा पेन्सिलने आखली (वाळल्यावर ती दिसत नाही), मग २५४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली ठिपके पाहिले. फ्लुओरीन ३.८ सेंटिमीटरवर, फ्लुओरेनोन २.६ वर आणि फ्लुओरेनॉल १.४ वर. प्रत्येक अंतराला ५.० ने भागलं की आरएफ मिळतात: ०.७६, ०.५२ आणि ०.२८.

या आकड्यांचा अर्थ काय? रेणू एकदा चिकटला की कायमचा बसून राहतो असं नाही. तो पृष्ठभागावर बसतो, सुटतो, द्रावकाबरोबर थोडा पुढे जातो, पुन्हा बसतो. चालतो तेव्हा द्रावकाच्याच वेगाने, बसलेला असतो तेव्हा अजिबात नाही. म्हणजे ०.२८ चा साधा अर्थ असा, की फ्लुओरेनॉलच्या रेणूने साधारण २८ टक्के वेळ द्रावकात आणि ७२ टक्के वेळ सिलिकावर काढला. फ्लुओरीनचा हिशेब जवळजवळ उलटा आहे.

सिलिकाच्या कणांच्या पृष्ठभागावर Si–OH हे गट दाटीने असतात, त्यांना सिलॅनॉल म्हणतात. त्यांचा हायड्रोजन समोरच्या रेणूतल्या ऑक्सिजनशी हायड्रोजन बंध जोडू शकतो. फ्लुओरीनकडे असा ऑक्सिजनच नाही. त्याच्या बेंझिन वलयांचं सिलॅनॉलशी जुजबी आकर्षण असतं, तेवढंच. फ्लुओरेनोनचा कार्बोनिल ऑक्सिजन सिलॅनॉलचा हायड्रोजन स्वीकारतो. फ्लुओरेनॉल तर दोन्ही करतो: स्वतःच्या ऑक्सिजनवर हायड्रोजन स्वीकारतो आणि स्वतःचा हायड्रोजन सिलॅनॉलच्या ऑक्सिजनला देतोही.

इथेच बहुतेकांची गल्लत होते. द्विध्रुव आघूर्ण, म्हणजे रेणूतल्या धन आणि ऋण भारांच्या फारकतीचं माप, पाहिलं, तर फ्लुओरेनोनचं सुमारे ३.३ डिबाय भरतं, फ्लुओरेनॉलचं त्याहून कमी. नुसत्या द्विध्रुवावर क्रम ठरत असता, तर फ्लुओरेनोन सर्वांत मागे राहायला हवा होता. तो राहत नाही. म्हणून जर्नलमध्ये "जास्त ध्रुवीय" एवढंच लिहून थांबू नये. कोणता गट सिलॅनॉलशी कोणता बंध जोडतो, ते लिहावं.

आता ते उरलेलं अर्धं कारण: द्रावक. इथाइल ॲसिटेटच्या रेणूतही ऑक्सिजन आहे आणि त्यालाही सिलॅनॉलवर बसायचं असतं. जागेसाठी त्याची संयुगाशी चढाओढ चालते. शुद्ध हेक्झेनमध्ये प्लेट चालवली तर अशी चढाओढ नसतेच. फ्लुओरेनॉल रेषेवरून हलत नाही म्हटलं तरी चालेल, फ्लुओरेनोनही तळाशीच रेंगाळतो. उलट शुद्ध इथाइल ॲसिटेट घेतलं तर तिघेही वर जाऊन एकमेकांना खेटतात. ध्रुवीय द्रावकात आरएफ वाढतो तो केवळ संयुग त्यात जास्त विरघळतं म्हणून नव्हे, पृष्ठभागावरच्या जागा द्रावकाने बळकावल्या म्हणूनही.

तसंच पाण्याचं. दमट हवेत उघडी राहिलेली प्लेट बाष्प शोषते, पाणी सिलॅनॉल अडवून बसतं आणि एरवी मागे राहणारे ठिपके वर सरकतात. त्यामुळे कालचा ०.२८ आज ०.३५ आला तर संयुग बदललं असं समजू नये. ओळख पटवायची असेल तर माहीत असलेला नमुना त्याच प्लेटवर शेजारी लावावा, आणि मधल्या जागी दोन्ही एकावर एक. तिथे एकच गोल ठिपका दिसला, तर ते एकच संयुग असण्याची शक्यता बरीच आहे. लांबट दिसला तर शंका घ्यावी, पण आधी नमुना पातळ करून पुन्हा चालवावा. नमुना जास्त पडला की चांगल्या जागा भरून जातात आणि एकाच संयुगाचा ठिपकाही शेपटासारखा ओघळतो. अशा ठिपक्याचा मध्य कुठे धरायचा हेच कळत नाही, मग आरएफ दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिण्यात काही हशील नाही.