जुन्या फॉन्टमधल्या मराठी मजकुरातील चौकोन आणि प्रश्नचिन्हे

युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला मराठी मजकूर दुसरीकडे चिकटवला की अक्षरांच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी, रिकामे चौकोन किंवा प्रश्नचिन्हे दिसतात. तिन्ही प्रकार सारखेच बिघडलेले वाटतात. प्रत्यक्षात पहिल्या दोहोंत मूळ मजकूर बहुधा शाबूत असतो, तर तिसऱ्यात तो अनेकदा कायमचा गेलेला असतो. त्यामुळे सगळे पुन्हा टंकायला बसण्याआधी नेमके काय झाले आहे ते पाहावे.

श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टमध्ये टंकलेल्या फाइलीत देवनागरी अक्षरे साठवलेलीच नसतात. साठवलेली असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे. फॉन्ट त्यांना देवनागरीचे आकार देतो. कृतिदेव ०१० मध्ये ‘मराठी’ म्हणजे `ejkBh`, ‘दिनांक’ म्हणजे `fnukad`. फॉन्ट गेला की ही मूळ अक्षरे उघडी पडतात. अशी खिचडी दिसणे हे खरे तर चांगले लक्षण आहे: प्रतीवर योग्य तो फॉन्ट लावला की मजकूर वाचता येतो. फॉन्ट मात्र तोच हवा, कारण प्रत्येक घराण्याची अक्षरजुळणी वेगळी असते.

चौकोनाचा अर्थ इतकाच, की संगणकाला अक्षराचा क्रमांक मिळाला, पण चालू फॉन्टमध्ये त्याचा आकार नाही. काही जुने फॉन्ट ‘चिन्ह-फॉन्ट’ म्हणून बनवलेले असत. त्यांतली अक्षरे वर्डमधून बाहेर पडताना F020 ते F0FF या खासगी क्रमांकांवर जातात आणि इतर कोणत्याही फॉन्टमध्ये चौकोन होऊन दिसतात. प्रत्येक क्रमांकातून F000 वजा केले की बहुतेक वेळा मूळ रोमन अक्षर परत मिळते. पायथनमध्ये:

```
''.join(chr(ord(c)-0xF000)
        if 0xF020 <= ord(c) <= 0xF0FF else c
        for c in s)
```

चौकोनाचा क्रमांक 0900 ते 097F मध्ये निघाला, तर मजकूर आधीच युनिकोड आहे. मंगलसारखा देवनागरी फॉन्ट लावला की काम झाले.

फसगत होते ती प्रश्नचिन्हाशी. समजा, पत्रात ‘जावक क्रमांक’ असे आहे. कृतिदेवमध्ये ते `tkod Øekad` असते. यातला `Ø` म्हणजे ‘क्र’. हे चिन्ह साध्या इंग्रजी वर्णसंचाबाहेरचे आहे. मजकूर वाटेत कुठे केवळ त्याच संचात जतन झाला, तर उरते `tkod ?ekad`. जुनी फाइल युटीएफ-८ समजून उघडली तर `?` ऐवजी `�` दिसते. तशीच जतन केली तर तेही नुकसान पक्के होते. बाकीची अक्षरे नीट आणि ‘क्र’, ‘ष्ट्र’ अशा जोडाक्षरांपाशीच खोट, ही या बिघाडाची ओळख.

पण कृतिदेवमध्ये `?` हे स्वतःच ‘घ्’ आहे: ‘घर’ म्हणजे `?kj`. म्हणून बिघडलेल्या ओळीवर फॉन्ट लावला की प्रश्नचिन्ह नाहीसे होते आणि ‘जावक घ्मांक’ असे धडधडीत मराठी समोर येते. घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून ते सहज सुटते. `?` नंतर `k` असेल तर तो बहुधा खरा ‘घ’. नसेल तर संशय धरावा, पण ‘विघ्न’सारखे शब्दही असतात हे विसरू नये. सगळा शब्दच `?????` झाला असेल, तर तो बहुधा युनिकोड मजकूर होता. ‘मराठी’ची पाच चिन्हे, म्हणून पाच प्रश्नचिन्हे. त्यातून शब्द परत काढता येत नाही; मूळ फाइलच मागवावी लागते.

खात्रीसाठी वर्डमध्ये कर्सर संशयित चिन्हाच्या लगेच पुढे ठेवून `Alt+X` दाबावे. `003F` आले तर साधे प्रश्नचिन्ह, `FFFD` आले तर वाचताना झालेला बिघाड, `F0` ने सुरू झाले तर वर सांगितलेला खासगी क्रमांक. नंतर `Ctrl+Z`. ही युक्ती फक्त चौकोन आणि प्रश्नचिन्हांवर वापरावी, कारण `a` ते `f` या अक्षरांना वर्ड क्रमांकच समजतो आणि भलतेच चिन्ह टाकतो.

मजकूर चिकटवताना वर्डची आपोआप सुधारणा बंद ठेवणे बरे. तिने वाक्यारंभीचा `e` मोठा केला की पूर्ण ‘म’ चा अर्धा होतो आणि ‘मराठी’चे ‘म्राठी’ बनते. सरळ दुहेरी अवतरणचिन्ह कृतिदेवमध्ये ‘ष्’ असते. ते वळणदार झाले तर ‘ष’ गळतो. जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या रूपांतरकाला या चुका कळत नाहीत, तो त्या निमूटपणे पुढे नेतो. रूपांतरानंतर ‘दिनांक’ आणि ‘कर्मचारी’ हे दोन शब्द आधी तपासावेत. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर टंकला जातो, तर युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा असतो. कच्चा रूपांतरक तिथेच चुकतो.