भाड्याच्या घरातील रंगयोजना (कोकण किनारपट्टी)

भिंतींना हात न लावता पडदे, चादरी, सतरंज्या आणि लाकडी सामान यांच्या आधारे भाड्याच्या घरात रंग आणण्याची पद्धत. अलिबागपासून सावंतवाडीपर्यंतच्या गावांत बदलीवर आलेले कर्मचारी, शिक्षक आणि विद्यार्थी ज्या फ्लॅटमध्ये राहतात, तिथे भिंती बहुधा पांढऱ्या किंवा फिकट पिवळसर असतात. करार साधारणपणे ११ महिन्यांचा होतो. त्यात रंग बदलू नये, खिळे ठोकू नयेत अशी अट असते आणि ती मोडली की अनामत रकमेतून पैसे कापले जातात. त्यामुळे जो काही रंग आणायचा, तो घर सोडताना उतरवून नेता येईल अशा वस्तूंवरच आणावा लागतो.

यातला सर्वांत मोठा वाटा पडद्यांचा. उशांचे अभ्रे आणि फुलदाण्या यांवर बराच खर्च करूनही खोली पांढरीच दिसते, कारण त्यांचा आकार भिंतीच्या मानाने नगण्य असतो. १० फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच भिंतीचे क्षेत्र ९५ चौरस फूट होते. त्या भिंतीत ५ फुटांची खिडकी असेल आणि तिच्यावर खिडकीपुरताच, ४ फूट उंच पडदा लावला, तर रंग २० चौरस फुटांवर येतो. तोच पडदा ६ फुटांच्या दांडीवरून थेट जमिनीपर्यंत, म्हणजे ७ फूट सोडला, तर ४२ चौरस फूट, जवळजवळ निम्मी भिंत रंगीत होते. आखूड पडदा ही भाड्याच्या घरांतली सर्वांत सर्रास दिसणारी काटकसर आहे आणि तीच खोली उघडी दाखवते.

अशा पडद्याचे कापड मोजताना दांडीच्या लांबीची दुप्पट रुंदी धरतात, म्हणजे पडदा ओढल्यावरही चुण्या राहतात. ६ फुटांच्या दांडीला १४४ इंच रुंदी लागते. कापडाचा पन्हा ४८ इंचांचा असेल तर ती तीन पन्ह्यांत बसते. दोन पडदे करायचे असल्यास तिसरा पन्हा उभा मधोमध कापून दोन्हींना जोडतात. लांबीला जमिनीपासून एक इंच वर, म्हणजे ८३ इंच. ओल्या फडक्याने लादी पुसताना कड भिजू नये म्हणून ही एक इंचाची फट. वरच्या-खालच्या दुमडीसाठी १२ इंच आणि सुती कापड आटते म्हणून आणखी ५ इंच धरले की एक लांबी १०० इंचांची होते. तिन्ही मिळून ३०० इंच, म्हणून दुकानात पावणेआठ मीटर मागावे. मोठी नक्षी किंवा आडवे पट्टे असले तर जोडावर ते जुळवण्यासाठी जास्त कापड लागते. साधे किंवा उभ्या पट्ट्यांचे कापड त्या बाबतीत सोपे.

शिवण्यापूर्वी कापड भिजवून वाळवणे आवश्यक आहे, नाहीतर पहिल्या धुण्यात पडदा आखूड होतो. रंग कच्चा आहे का हे पाहण्यासाठी ओले पांढरे फडके कोपऱ्यावर घासतात. फडक्यावर रंग उतरला तर तो पडदा पांढऱ्या भिंतीला टेकणाऱ्या खिडकीवर लावू नये, पावसाच्या शिंतोड्यांनी भिंतीवर डाग उमटतो. मिठाच्या पाण्यात बुडवले की रंग पक्का होतो असे घरोघरी सांगतात. कापड रंगवताना काही प्रकारच्या रंगांना मीठ लागते हे खरे, पण रंगवून झालेल्या कापडावर त्याचा उपयोग होत नाही.

रंग निवडताना उन्हाचा विचार आधी येतो. पश्चिमेच्या खिडकीत अस्तर नसलेला गडद लाल पडदा लावला तर दुपारनंतर भिंती, जेवण आणि माणसांचे चेहरे सगळेच लालसर दिसतात. हळदी किंवा मोहरीच्या रंगाचा पडदा तोच उजेड पिवळसर करतो, आणि पांढऱ्या भिंतीचा इथे फायदा होतो, ती हा रंग उचलते. ज्यांना गडद लाल किंवा निळाच हवा आहे त्यांनी मागे पांढरे सुती अस्तर लावावे. उजेडाची छटा कमी बदलते, आणि ऊन अस्तरावर पडत असल्याने पुढचे कापड लवकर विटत नाही.

पडद्याची दांडी हा भाडेकरूचा खरा प्रश्न. आधीच्या भाडेकरूने सोडलेल्या कड्या असतील तर त्याच वापरतात. नसतील तर खिडकीच्या चौकटीत दोन बाजूंना दाबून बसणारी स्प्रिंगची दांडी येते. ती हलका पडदा पेलते, अस्तर लावलेला जड पडदा मात्र हळूहळू खाली घसरवते. शिवाय ती चौकटीच्या आत बसत असल्याने जमिनीपर्यंतचा पडदा तिच्यावर नीट पडत नाही. तेव्हा मालकाला विचारून दोन भोके पाडणे आणि जाताना ती पुट्टीने बुजवून देणे हा अधिक सरळ मार्ग. चिकटपट्टीचे हुक डिस्टेंपरच्या भिंतीवर टिकत नाहीत, आणि सुटताना रंगाचा पोपडा घेऊन येतात. दांडी लोखंडी नसावी. खाऱ्या हवेत तिला गंज चढतो आणि पडद्याच्या वरच्या कडेला तांबडे डाग पडतात. लिंबू-मिठाने ते निघतात खरे, पण सोबत कापडाचा रंगही फिका होऊ शकतो. बांबूची किंवा ॲल्युमिनियमची दांडी चांगली.

यापुढचे सारे पावसावर अवलंबून आहे. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि तो नैर्ऋत्येकडून येत असल्याने दक्षिण-पश्चिमेच्या बाहेरच्या भिंती ओल धरतात. अशा भिंतीवर टांगलेली सतरंजी किंवा सोलापुरी चादर मागून काळ्या ठिपक्यांनी भरते, आणि समोरून ती महिनाभर सुंदरच दिसत राहते. कुबट वास, भिंतीवर फुटलेले पांढरे क्षार, सुटलेले पोपडे ही आधीची लक्षणे. म्हणून टांगायचे कापड आतल्या भिंतीवर, वरून बांबूवर सोडून दोन-तीन इंच पुढे ठेवतात. कपाटही भिंतीला न टेकवता तेवढीच फट ठेवून लावतात. जाड गोधड्या आणि अभ्रे मे महिन्यात कडक उन्हात वाळवून ठेवून द्यावेत आणि चार महिने खोलीला पातळ पडद्यांवर राहू द्यावे. पातळ सुती पडदा पंख्याखाली वाळतो, जाड सुती मात्र दमट राहतो. पॉलिस्टर लवकर वाळते, हा त्याचा खरा गुण. दिसायला ते सुताच्या जवळपासही जात नाही.

सामान स्वतःचे असेल तर ते रंगवायला कुणाची परवानगी लागत नाही. जुन्या लाकडी बाकाला पॉलिश पेपर, प्रायमर आणि ऑइल पेंटचे दोन हात पुरतात. लोखंडी कपाटाला आधी रेड ऑक्साइड लावावे लागते. हे काम फेब्रुवारी ते मे मध्येच उरकावे, पावसाळी हवेत ऑइल पेंट दिवसेंदिवस चिकट राहतो. जमिनीवर रंग हवा असेल तर सावंतवाडीच्या चितारआळीतले लाखकामाचे पाट आणि चौरंग आहेत. लहान खोलीत बैठकीच्या उंचीवर एक-दोन पुरतात, अधिक झाले की देवघरच वाटू लागते. भुश्याच्या दाबलेल्या बोर्डाचे स्वस्त फर्निचर मात्र कोकणात घेऊ नये. कडेने पाणी शिरून ते फुगते, आणि फुगलेले परत बसत नाही.

घर बदलताना पडदा नव्या खिडकीला आखूड पडण्याची शक्यता असते. म्हणून जाणते शिंपी खालची दुमड चार-पाच इंचांची ठेवून कच्च्या टाक्यांनी घालतात, नंतर ती उसवून पडदा लांब करता येतो. जुन्या दुमडीची फिकी रेघ मात्र कापडावर राहते, त्यावर काठाची पट्टी शिवून घेतात.