घास अडकणे आणि घाईने खाणे: एक खुलासा

"घास घशात अडकतो तो घाईघाईने खाल्ल्यामुळे, नीट चावून खाल्ले आणि वर पाणी प्यायले की झाले."

असे एखाद्या वेळी कोणालाही होऊ शकते. पण दमा किंवा ॲलर्जीची सर्दी असलेल्या तरुणाला ते वारंवार होत असेल, तर कारण अन्ननलिकेच्या अस्तरात शोधावे लागते. इओसिनोफिलिक इसोफेजायटिस या आजारात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तेथे साठतात, सूज टिकून राहते आणि नलिका हळूहळू ताठर व अरुंद होते.

समजा, चोवीस वर्षांचा दमेकरी तरुण मांसाचे अगदी बारीक तुकडे करतो, प्रत्येक घासासोबत पाणी पितो आणि पंगतीत सर्वांच्या शेवटी उठतो. त्याला "त्रास होतो का?" असे विचारले, तर तो मनापासून "नाही" म्हणेल, म्हणून त्याच्या खाण्याच्या सवयी विचाराव्या लागतात.

निदानासाठी एंडोस्कोपी करतात. तीत वलये किंवा उभ्या चिरा दिसू शकतात, मात्र कधीकधी अस्तर अगदी निरोगी दिसते, आणि नेमकी येथेच चूक होते: बायोप्सी न घेताच सर्व ठीक मानले जाते. सूज ठिकठिकाणी विखुरलेली असल्याने वेगवेगळ्या पातळ्यांवरून किमान सहा तुकडे बायोप्सीसाठी घ्यावे लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली उच्च विवर्धनाने दिसणाऱ्या एका क्षेत्रात पंधरा किंवा अधिक इओसिनोफिल दिसले आणि इतर कारणे वगळली गेली, की निदान ठरते. त्वचेवरील ॲलर्जी चाचणीतून कारणीभूत खाद्यपदार्थ खात्रीने कळत नाही.

अहवाल हाती असेल, तर बायोप्सी घेतली होती का, हे त्यात अवश्य पाहावे. घास अडकून लाळही गिळता येत नसेल, तर तातडीने रुग्णालय गाठावे.