पाच वर्षांनी दहा लाख लागणार आहेत: एफडी करावी की इंडेक्स फंड घ्यावा?

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या ऑफिसात हा प्रश्न दर आठवड्याला एकदा तरी येतो. विचारणारे बहुधा सावध स्वभावाचे असतात. आयुष्यभर एफडीच केलेली असते, आणि चहाच्या लारीवर कुणीतरी सांगितलेलं असतं की एफडीत पैसा सडतो, निफ्टीत टाका. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. म्युच्युअल फंडाचा रेग्युलर प्लॅन तुम्ही आमच्यामार्फत घेतलात तर फंड कंपनी आम्हाला कमिशन देते, एफडीवर आम्हाला काहीच मिळत नाही. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

सरासरी नाही, तारीख बघा

इंडेक्स फंड म्हणजे निफ्टी ५०सारख्या निर्देशांकातले शेअर त्याच प्रमाणात घेऊन ठेवणारा फंड. निफ्टी चढला की तो चढतो, पडला की पडतो. "लांब मुदतीत चांगला परतावा मिळतो" हे खरं आहे, पण तुमची मुदत लांब नाही, पाच वर्षांची आहे. आणि मुलीची फी भरायची तारीख बाजार बघून ठरत नाही.

२३ मार्च २०१५ला निफ्टी साडेआठ हजारांच्या आसपास होता. बरोबर पाच वर्षांनी, २३ मार्च २०२०ला, तो ७,६१० वर बंद झाला. म्हणजे पाच वर्षं थांबूनही मूळ रकमेतच घट, आणि मधल्या काळातला लाभांश धरला तरी ती भरून निघत नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात निफ्टी जानेवारीतल्या उच्चांकाच्या वर गेला. ज्याला थांबता आलं त्याचं काही बिघडलं नाही, पण ज्याची फी एप्रिलमध्ये होती त्याला नोव्हेंबरचा काय उपयोग? आता उलटी बाजूही बघा. २३ मार्च २०२०ला पैसे टाकणाऱ्याचे पाच वर्षांत तिपटीहून जास्त झाले. फंड तोच, मुदत तीच, फरक फक्त तारखेचा.

"मग एसआयपी केली तर?" असं लगेच विचारलं जातं. एसआयपीत दरमहा ठरावीक रक्कम टाकल्याने खरेदीचा भाव सरासरीवर येतो, विक्रीचा येत नाही. शेवटच्या महिन्यात बाजार पडला तर पाच वर्षांत साठलेली सगळी रक्कम एकदम खाली येते.

एक उदाहरण, आकड्यांसकट

वाडीत राहणारं एक नोकरदार कुटुंब धरा. हातात आज ८ लाख आहेत. पाच वर्षांनी जूनमध्ये मुलीच्या शिक्षणासाठी १० लाख हवेत, त्याहून कमी चालणार नाहीत. व्याज धरूनही वर्षाचं उत्पन्न १२ लाखांच्या आत आहे आणि कर नव्या पद्धतीने भरतात.

एफडीचा दर ६.५ टक्के आणि व्याज तिमाही चक्रवाढीने धरू. (हा दर हिशोबापुरता आहे, तुमच्या बँकेचा त्या दिवशीचा दर बघून घ्या.) या दराने एक लाखाचे पाच वर्षांत सुमारे १,३८,००० होतात. सगळे ८ लाख ठेवले तर ११ लाख ४ हजार मिळतात. मग १० लाखांसाठी किती ठेवावे लागतील? सव्वासात लाख. उरतात ७५ हजार.

आमच्या मते इंडेक्स फंडात जायला मोकळे आहेत ते एवढेच ७५ हजार. पाचव्या वर्षी त्यांचे अर्धे झाले तरी फी भरून साडेसदतीस हजार हातात राहतात. दुप्पट झाले तर दीड लाख. त्यात ७५ हजारांचा नफा, आणि वर्षभराहून जास्त ठेवलेल्या शेअर फंडांचा वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त असल्याने त्यावर कर नाही. पण हेच ७५ हजार एफडीत असते तर १ लाख साडेतीन हजार झाले असते. म्हणजे फंड दुप्पट झाला तरी खरा फायदा साडेशेहेचाळीस हजारांचा. तेवढ्यासाठी रोज निफ्टी बघून झोप उडणार असेल, तर सगळं एफडीतच ठेवा. आमचं कमिशन बुडेल, बुडू द्या.

कर कुठे हिशोब बदलतो

"एफडीचं व्याज करात जातं" हे सगळ्यांना सारखं लागू नाही. नव्या पद्धतीत, २०२५-२६ पासून, १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर उरत नाही, आणि एफडीचं व्याजही त्यातच येतं. वरच्या कुटुंबाला म्हणूनच व्याजावर काही भरावं लागलं नाही. पण तुमचा शेवटचा टप्पा ३० टक्क्यांचा असेल तर उपकर धरून ६.५ टक्क्यांतले साधारण साडेचारच टक्के तुमचे. मग ८ लाखांचे पाच वर्षांत जेमतेम १० लाख होतात आणि फंडासाठी काहीच मोकळं राहत नाही. गंमत म्हणजे जास्त कमावणाऱ्यालाच "एफडी सोडा" हा सल्ला जास्त मिळतो. त्याने फंडात टाकायला हरकत नाही, पण ते पैसे या ८ लाखांबाहेरचे हवेत.

आणखी एक. एकत्रित व्याजाची एफडी असेल तर पैसे पाचव्या वर्षी हातात येतात, पण व्याज दरवर्षीच्या रिटर्नमध्ये दाखवलेलं बरं. पाचव्या वर्षी एकदम दाखवलं तर त्या एका वर्षाचं उत्पन्न फुगतं, आणि बँकेने दरवर्षी कळवलेल्या आकड्यांशी रिटर्न जुळत नाही.

एफडी करताना

एफडीलाही धोका असतो, फक्त तो वेगळ्या जातीचा. २००१ साली अहमदाबादेतली एक सहकारी बँक बुडाली आणि ठेवीदारांचे पैसे अडकले, ते इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. फेब्रुवारी २०२०पासून ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत आहे. त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही मोजतात, आणि त्याच बँकेच्या सगळ्या शाखा मिळून एकच मर्यादा. दुसऱ्या राज्यातल्या शाखेत दुसरं खातं काढलं तरी मर्यादा वाढत नाही. म्हणून सव्वासात लाख दोन बँकांत प्रत्येकी ३,६२,५०० असे ठेवावेत. पाच वर्षांनी प्रत्येक बँकेत ५ लाख ४०० च्या आसपास होतात, मर्यादेच्या किंचितच वर. असं विभागल्याने एका बँकेचं वर्षाचं व्याजही ५० हजारांच्या खाली राहतं, म्हणून टीडीएस कापला जात नाही.

प्रत्येक बँकेत एकच मोठी पावती न करता तीन-चार छोट्या करा. मध्येच दवाखान्याला पैसे लागले तर एकच मोडता येईल. मोडताना ठरलेला दर मिळत नाही. जितके दिवस ठेव राहिली तितक्या मुदतीचा, ठेव ठेवली त्या दिवशीचा दर धरतात, आणि त्यातून बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का दंड कापतात. त्या दिवशी एक वर्षाचा दर ६.२५ टक्के असेल आणि तुम्ही चौदाव्या महिन्यात मोडलीत, तर एक टक्का दंड जाऊन ५.२५ मिळतील. कर वाचवणारी पाच वर्षांची एफडी मात्र मध्ये मोडता येत नाही, तिच्यावर कर्जही मिळत नाही. या कामासाठी ती घेऊ नका.

मुदत मोजताना फी जूनमध्ये असेल तर पावती मेमध्ये संपेल असे दिवस लिहून घ्या. फॉर्मवर आपोआप नूतनीकरणाच्या रकान्यात बहुतेकदा आधीच खूण असते. ती खोडून "रक्कम बचत खात्यात जमा" असं लिहा, नाहीतर फीच्या आठवड्यात पावती पुन्हा पाच वर्षांची झालेली सापडेल. नॉमिनीचं नाव प्रत्येक पावतीवर वेगळं नोंदवावं लागतं.

फंडातले ७५ हजार

डायरेक्ट प्लॅन फंड कंपनीच्या वेबसाइटवरून स्वतः घेता येतो. त्याचा खर्च कमी, कारण त्यात आम्हाला कमिशन नाही. फॉर्म भरणं जमत असेल तर तोच घ्या. चौथ्या वर्षानंतर कधीही रक्कम १ लाख साडेतीन हजारांच्या वर दिसली, तर विकून एफडीत टाका, आणखी चढेल म्हणून थांबू नका. विकल्यावर पैसे खात्यात यायला दोन-तीन कामाचे दिवस लागतात, मध्ये सुट्ट्या आल्या तर जास्त.

भेटायला येताना सध्याच्या पावत्यांच्या झेरॉक्स आणि मागच्या वर्षीचं रिटर्न आणा. पैसे नेमके कोणत्या महिन्यात लागणार ते घरी ठरवून या, आमचा पहिला प्रश्न तोच असतो.