ग्रुपथिंक आणि नोकरशाहीचं राजकारण : संकटकाळात परराष्ट्र धोरण का चुकतं

संकटाच्या वेळी हुशार, अनुभवी माणसं एका टेबलाभोवती बसून पार चुकीचा निर्णय कसा घेतात, याची दोन उत्तरं आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या अभ्यासात वारंवार दिली जातात. पहिलं ग्रुपथिंक. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आयर्विंग जेनिस यांनी 1972 मध्ये ते सविस्तर मांडलं. त्यांचं म्हणणं असं की छोट्या, एकमेकांना धरून असलेल्या गटात एकी टिकवायची ओढ इतकी जबरदस्त होते की शंका असलेला माणूस स्वतःच गप्प बसतो आणि बाकीच्यांना वाटतं सगळ्यांचं एकमत आहे. दुसरं उत्तर नोकरशाहीच्या राजकारणाचं, ते ग्रॅहम ॲलिसन यांच्या क्युबन मिसाइल क्रायसिसवरच्या, म्हणजे क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून 1962 मध्ये उभ्या राहिलेल्या संकटावरच्या, 1971 च्या पुस्तकामुळे गाजलं. त्यात सरकार हा एक विचार करणारा माणूस नाहीच, तर ती खात्यांची, खुर्च्यांची आणि त्यावर बसलेल्या लोकांची रस्सीखेच आहे, आणि जो निर्णय बाहेर पडतो तो बरेचदा कुणालाच नेमका तसा हवा नसतो.

दोन्ही उत्तरं चांगली तपासून बघता येतात ती अमेरिकेच्या क्युबावरच्या एप्रिल 1961 च्या बे ऑफ पिग्सच्या फसलेल्या मोहिमेवर, म्हणून ही नोंद मुख्यतः त्याच केसवर आहे.

काय घडलं

क्युबातलं फिडेल कॅस्ट्रोचं सरकार पाडायचा गुप्त प्लॅन प्रेसिडेंट आयझेनहॉवर यांनी मार्च 1960 मध्ये मंजूर केला होता. जानेवारी 1961 मध्ये नवे प्रेसिडेंट केनेडी आले आणि हा अर्धा शिजलेला प्लॅन त्यांच्याकडे वारशाने आला. सीआयएचे प्रमुख ॲलन डलेस आणि गुप्त कारवायांचे प्रमुख रिचर्ड बिसेल हे दोघं तो पुढे रेटत होते. ग्वाटेमालात साधारण 1,400 क्युबन निर्वासितांची ब्रिगेड ट्रेन केली जात होती, आणि डलेस यांनी केनेडींना हेही ऐकवलं की आता मोहीम रद्द केली तर ही माणसं परत येऊन सगळीकडे बोलत सुटतील, त्यांचं करायचं काय.

मूळ प्लॅन त्रिनिदाद या गावाजवळ उतरायचा होता, कारण मागेच एस्कांब्राय डोंगर होता आणि बेत फसलाच तर तिथे शिरून गनिमी युद्ध करता आलं असतं. केनेडींना हे फार उघड वाटलं, अमेरिकेचा हात दिसता कामा नये असा त्यांचा हट्ट होता, म्हणून मार्चमध्ये सीआयएने चार दिवसांत नवी जागा काढली, बे ऑफ पिग्स. ही जागा शांत होती हे खरं, पण आता डोंगर सुमारे 80 मैल लांब गेला आणि मध्ये दलदल आली, म्हणजे पळून जायची वाट बंदच झाली. तरी पुढच्या मीटिंगांमध्ये "नाहीतर डोंगरात जातील" हा दिलासा तसाच चालू राहिला. नकाशा उघडून अंतर मोजायचं कुणी मनावर घेतलं नाही, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात अंगावर येणारं वाटतं.

17 एप्रिलला ब्रिगेड उतरली आणि 19 तारखेला सगळं संपलं. शंभराहून जास्त माणसं मेली, जवळपास 1,200 पकडली गेली.

जेनिस यांचं वाचन

जेनिस यांचा भर गप्प बसलेल्या माणसांवर आहे. इतिहासकार आर्थर श्लेसिंजर व्हाइट हाऊसमध्ये होते, त्यांनी केनेडींना विरोधाचे मेमो लिहून दिले, पण मीटिंगमध्ये मात्र मूग गिळून बसले. मोहिमेच्या काही दिवस आधी एका पार्टीत प्रेसिडेंटचे भाऊ रॉबर्ट केनेडी यांनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं की तुमचं बरोबर असेल किंवा चूक असेल, पण प्रेसिडेंटचं ठरलंय, आता आणखी ताणू नका. गटातलाच एकजण न सांगता पहारेकरी होतो आणि नेत्यापर्यंत नकोसा विचार जाऊ देत नाही, याचं हे उदाहरण म्हणून जेनिस देतात. 4 एप्रिलच्या मीटिंगमध्ये सिनेटर फुलब्राइट यांनी स्पष्ट विरोध केला, ते बाहेरचे होते म्हणून बोलू शकले, आणि त्यांच्यानंतर कुणी त्यांचा धागा पुढे नेला नाही.

हे वाचन पटतं, पण त्यात एक अडचण आहे जी अभ्यासक एरिक स्टर्न यांनी नीट दाखवली. केनेडींची टीम 20 जानेवारीला कामाला लागली होती, म्हणजे मोहिमेपर्यंत तीन महिनेही झाले नव्हते, बऱ्याच जणांची एकमेकांशी धड ओळखही नव्हती. मग घट्ट एकी आली कुठून? स्टर्न यांचं म्हणणं असं की नव्या गटातही लोक गप्प बसतात पण वेगळ्या कारणाने, कुणाचं किती चालतं, इथे वाद घातलेला खपतो का, हे अजून कळलेलं नसतं.

खुर्चीनुसार भूमिका

आता तीच टेबलाभोवतीची माणसं खातेनिहाय बघा. परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांचे हाताखालचे चेस्टर बोल्स यांनी मार्चअखेर विरोधाचा मेमो लिहून रस्कना दिला, तो केनेडींपर्यंत गेलाच नाही. रस्क स्वतः दुसऱ्या महायुद्धात कर्नल होते, एवढ्याशा ब्रिगेडचा निभाव लागणार नाही हे आपल्याला कळत होतं असं त्यांनी नंतर लिहिलं, पण ते बोलले नाहीत, कारण आता ते परराष्ट्र खात्याच्या खुर्चीत होते आणि लष्करी मत देणं पेंटागॉनचं काम होतं.

पेंटागॉनने काय केलं? सैन्यप्रमुखांच्या समितीने त्रिनिदादच्या प्लॅनला यशाची "फेअर" शक्यता आहे असा शेरा दिला. ज्या ब्रिगेडियर जनरल ग्रे यांच्या हाताखाली हा अभ्यास झाला त्यांनी नंतर सांगितलं की त्यांच्या मनात आकडा साधारण 30 टक्के होता. तो आकडा कागदावर आलाच नाही आणि वाचणाऱ्यांनी त्या शेऱ्याचा अर्थ "बऱ्यापैकी" असा घेतला. जागा बदलल्यावरही प्रमुखांना त्रिनिदादच बरं वाटत होतं, पण ही पसंती प्रेसिडेंटपर्यंत नीट पोचली नाही, मोहीम सीआयएची होती, आपली नव्हती, उगाच दुसऱ्याच्या फायलीत कोण डोकं घालणार. आणि खुद्द सीआयएतसुद्धा विश्लेषण करणाऱ्या शाखेला, म्हणजे क्युबात लोक उठाव करतील का हे ज्यांना सांगता आलं असतं त्यांनाच, अधिकृतपणे विचारलं गेलं नव्हतं.

खरा पुरावा बऱ्याच वर्षांनी बाहेर आला. डलेस यांच्या हस्तलिखित टिपणांचा अभ्यास 1984 मध्ये छापला गेला, त्यात त्यांनी लिहिलंय की वेळ आलीच तर मोहीम फसू देण्यापेक्षा लागेल ती कारवाई मंजूर होईल असं आम्ही धरून चाललो होतो. म्हणजे केनेडी म्हणत होते अमेरिकन सैन्य अजिबात उतरणार नाही, आणि डलेस मनात म्हणत होते उतरवावं लागेलच. त्याच्याही पुढचा कागद सीआयएच्या अंतर्गत इतिहासात सापडला. नोव्हेंबर 1960 मध्येच सीआयएच्या प्लॅनिंग गटाने लिहून ठेवलं होतं की किनारा आणि धावपट्टी ताब्यात घ्यायचा हा बेत संरक्षण खातं बरोबर असल्याशिवाय जमणारा नाही. हे वाक्य केनेडींपुढे ठेवल्याची नोंद मिळत नाही, बिसेल यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

16 एप्रिलची रात्र

दोन्ही सिद्धांत एकत्र बघायचे तर ही एक रात्र पुरे. 15 तारखेला ब्रिगेडच्या आठ बी-26 विमानांनी क्युबाच्या विमानतळांवर हल्ला केला आणि बंडखोर क्युबन पायलटांनी तो केला अशी बतावणी केली गेली. युनोतले अमेरिकेचे प्रतिनिधी ॲडलाय स्टीव्हन्सन यांना खरं सांगितलेलं नव्हतं, ते बिचारे फोटो दाखवून तेच सांगत बसले, आणि विमानांच्या नाकाचा फरक लोकांच्या लक्षात आल्यावर जगासमोर तोंडघशी पडले. क्युबाच्या बी-26 चं नाक पारदर्शक होतं, या विमानांचं बंद धातूचं.

त्यामुळे परराष्ट्र खातं घाबरलं आणि रस्क यांनी केनेडींकडून दुसरा हवाई हल्ला रद्द करून घेतला. सीआयएचे जनरल कॅबेल आणि बिसेल धावत रस्क यांच्याकडे गेले, वाद झाला, रस्क यांनी प्रेसिडेंटना फोन लावून तो कॅबेल यांच्यापुढे धरला की घ्या, तुम्हीच बोला. दोघांपैकी कुणी घेतला नाही. दुसऱ्या दिवशी कॅस्ट्रोच्या उरलेल्या विमानांनी दोन सप्लाय बोटी बुडवल्या, त्यातल्या एकीवर दारूगोळा होता.

तो फोन का घेतला नाही? जेनिसवाले म्हणतील दबाव, नेत्याच्या मनाविरुद्ध कोण जाणार. पण डलेस यांची टिपणं वाचल्यावर मला दुसरं उत्तर जास्त पटतं, की त्यांना तेव्हा भांडायची गरजच वाटत नव्हती, पुढे अडचण आली की प्रेसिडेंट झक मारत जेट पाठवतील असा हिशेब होता. आणि 18 च्या मध्यरात्रीनंतर बिसेल यांनी खरंच ॲडमिरल बर्क यांच्यासोबत नौदलाची जेट मागितली. केनेडींनी मोठी कारवाई नाकारली आणि बिनखुणांच्या सहा विमानांना फक्त तासभर आच्छादन द्यायची परवानगी दिली, तीही वेळेच्या घोळात वाया गेली.

ओळखायचं कसं

दोन्ही सिद्धांतांमध्ये बाहेरून दिसणारी गोष्ट एकच असते, मीटिंगमधली शांतता. त्यामुळे नुसत्या इतिवृत्तावरून काही ठरत नाही. बघायचं ते हे, की गप्प बसलेल्या माणसाने खोलीबाहेर, आपल्या खात्याच्या कागदात काय लिहिलं. श्लेसिंजर यांच्यासारखा माणूस खासगीत शंका नेत्यालाच देतो आणि चारचौघांत गिळतो, तिथे ग्रुपथिंक लागू पडतं. पण खात्याच्या फायलीत वेगळाच हिशेब असेल आणि तो मुद्दाम टेबलावर आणला नसेल तर ते राजकारण. उपायही त्यावरच ठरतात. जेनिस सांगतात नेत्याने आपलं मत आधी बोलू नये, एकाला मुद्दाम विरोधकाची भूमिका द्यावी. ऑक्टोबर 1962 च्या मिसाइल क्रायसिसमध्ये केनेडी काही मीटिंगांना स्वतः गेले नाहीत आणि रॉबर्ट केनेडी आणि सल्लागार सोरेन्सन यांना उलटतपासणीचं काम दिलं, त्याचा उपयोगही झाला. पण ज्याला लपवायचंच आहे त्याच्यापुढे विरोधक बसवून काय होणार, तिथे दुसऱ्या खात्याला तोच कागद स्वतंत्रपणे तपासू द्यावा लागतो.

ॲलिसन यांच्यावरची मोठी टीका स्टीफन क्रॅस्नर यांची, की नोकरशाहीवर खापर फोडलं की प्रेसिडेंट सुटतो. बे ऑफ पिग्समध्ये ती लागू होतेच, डोंगरापासून दूर जायचा निर्णय केनेडींच्या अटीतूनच आला होता.

भारतातली केस

ही कसोटी 1962 च्या चीन युद्धाला लावून बघण्यासारखी आहे. 22 सप्टेंबर 1962 च्या दिल्लीतल्या मीटिंगमध्ये, नेहरू आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन दोघंही परदेशात असताना, ईशान्य सीमेवरच्या ढोला भागातून चिन्यांना हुसकावायचं ठरलं. लष्करप्रमुख थापर यांनी लडाखमध्ये उलट हल्ला होईल अशी भीती बोलून दाखवली, परराष्ट्र सचिवांनी फार तर एखाद-दोन चौक्या जातील असं सांगितलं. तेव्हा थापर यांनी लेखी आदेश मागितला, आणि तो संरक्षण खात्याच्या एका जॉइंट सेक्रेटरीच्या सहीने मिळाला. याला ग्रुपथिंक म्हणता येत नाही, कारण शंका बोलली गेली होती, पण अडून बसायच्या ऐवजी कागदावर जबाबदारी दुसऱ्याकडे सरकवली गेली. 20 ऑक्टोबरला चीनने हल्ला केला, नोव्हेंबरमध्ये मेनन गेले आणि यशवंतराव चव्हाण मुंबईहून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. पराभवाचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने अधिकृतपणे खुला केलेला नाही, त्याचा काही भाग 2014 मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी इंटरनेटवर टाकला. शिवाय त्या चौकशीच्या कक्षेत दिल्लीतल्या मंत्रालयांच्या फायली नव्हत्या, म्हणून लष्कराची बाजू बरीच कळते पण मंत्री आणि सचिव यांच्यात खोलीबाहेर काय लिहिलं-बोललं गेलं ते अजून अर्धवटच आहे.